वाकलं की अंधारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'डोळ्यांपुढे अंधारी आली' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. उपास केला, उन्हातून आलो, पटकन उठलो की क्षणभर डोळ्यांपुढे काळं होतं. आपण भिंतीला हात टेकतो, घोटभर पाणी पितो आणि विसरून जातो. बहुतेक वेळा ते विसरण्याजोगंच असतं. पण अशीच दिसणारी एक अंधारी निराळी असते. तिचं मूळ पोटात किंवा रक्तात नसतं, कवटीच्या आत असतं आणि ते ओळखायची सोय मात्र निसर्गाने डोळ्यात करून ठेवलेली आहे. आज मी त्या अंधारीबद्दल बोलणार आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. जिच्यामुळे हा विषय माझ्या मनात कायमचा बसला, तिच्यापासूनच सुरुवात करतो. तिची परवानगी घेतलेली आहे. नाव मात्र सांगणार नाही.

मुळशी तालुक्यात घोटवड्याच्या पुढे रिहे नावाचं गाव आहे. डोंगरांच्या मधलं खोरं, पावसाळ्यात सगळीकडे भाताची खाचरं. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आत, आम्ही तिथे नेत्रतपासणी शिबिर घेतलं. शाळेच्या एका वर्गात तक्ता टांगला, दुसऱ्या वर्गात मी बसलो. बाहेर व्हरांड्यात रांग. दिवसभरात दीडशेच्या आसपास माणसं आली. त्यात मोतीबिंदूची म्हातारी मंडळी होती, चाळिशीचा चष्मा हवा असलेले होते आणि 'डोकं दुखतं, नंबर बघा' म्हणणारी तरुण मुलंही होती.

त्यातच चोवीस वर्षांची एक मुलगी होती. पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. दोन महिन्यांपासून डोकं दुखतं, सकाळी उठल्यावर जास्त, असं तिने सांगितलं. आमच्या सहायकाने तिला तक्ता वाचायला लावला. दोन्ही डोळ्यांनी तिने शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली, म्हणजे आमच्या भाषेत सहा-सहा, पूर्ण नजर. अगदी किरकोळ नंबर निघाला. मी कागदावर तो लिहिला, 'चष्मा वापर, डोकं थांबेल' असं म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली. तिच्या डोळ्यात थेंब घालून मी आतला पडदा पाहिला नाही. थेंब घातले की बाहुली मोठी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि रांग दारापर्यंत आलेली होती. हे कारण आहे, समर्थन नाही.

शिबिरातले चष्मे नंतर तयार होऊन येतात. ते वाटायला आम्ही जुलैच्या शेवटी पुन्हा रिह्याला गेलो. तोवर लावण्या उरकत आल्या होत्या. ती मुलगी आईबरोबर आली. चष्म्याची डबी हातात घेऊन तिथेच थांबली आणि म्हणाली, "सर, यानं ते अंधारीचं पण जाईल का?"

मी विचारलं, "कसली अंधारी?"

"लावणीला सुट्टी टाकून घरी होते. खाचरात वाकलं की डोळ्यांपुढं काळं येतं. रोप लावून सरळ झाले की परत येतं. मग एकदम साफ."

आई मध्येच म्हणाली, "अशक्तपणा हाय वं डॉक्टर. रक्ताच्या गोळ्या चालू केल्यात."

मी तिला तीन-चार प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकता ऐकता मला घाम फुटला. हे प्रश्न मी तुम्हालाही सांगतो, कारण साधी अंधारी आणि ही अंधारी यांतला फरक त्यांतच आहे.

पहिला प्रश्न, किती वेळ? ती म्हणाली, "पाच अंक मोजेपर्यंत." दुसरा, दिवसातून किती वेळा? "लावणीच्या दिवसांत दहा-पंधरा वेळा." तिसरा, त्या वेळी चक्कर येते का, कानात घुमतं का, पडशील असं वाटतं का? "चक्कर नाय. पाय घट्ट असतात. फक्त दिसत नाय." चौथा, दोन्ही डोळ्यांना एकदम होतं का? ती थोडी थांबली. "कधी कधी डाव्यालाच." आणि शेवटचा, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर काही ऐकू येतं का? यावर तिने आईकडे पाहिलं. तिला वाटत होतं की हे सांगितलं तर लोक वेडी म्हणतील. उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं... सूं... असा आवाज येत होता.

आता बघा. पटकन उठल्यावर रक्तदाब घसरून जी अंधारी येते तिच्यात संपूर्ण मेंदूलाच क्षणभर रक्त कमी पडतं. म्हणून तिच्याबरोबर चक्कर असते, घाम असतो, तोल जातो आणि काळं झालंच तर दोन्ही डोळ्यांपुढे होतं. शिवाय ती उठताना येते, खाली वाकताना सहसा येत नाही. या मुलीचं डोकं शुद्धीवर होतं, पाय घट्ट होते, फक्त नजर जात होती, तीही कधी एकाच डोळ्याची. म्हणजे बिघाड मेंदूच्या रक्तपुरवठ्यात नव्हता, डोळ्याच्या नसेशी होता. त्याच्या जोडीला सकाळची डोकेदुखी आणि कानातला ठोका. हे तिन्ही एकत्र आले की डॉक्टरांच्या मनात एकच शंका येते, ती कवटीच्या आतला दाब वाढल्याची.

मी तिचा रक्तदाब मोजला. तो बरोबर होता. हे आधी पाहावं लागतं, कारण रक्तदाब फारच चढला तरी डोळ्याच्या आत असेच बदल दिसू शकतात. मग थेंब घातले, तिला बाकावर बसवलं आणि अर्ध्या तासाने वर्गाच्या खिडक्या लावून घेऊन ऑफ्थल्मोस्कोपने आत पाहिलं. जे जूनमध्ये पाहायला हवं होतं ते समोर होतं.

ते काय होतं हे समजण्यासाठी डोळ्याच्या पाठीमागची रचना पाहू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्यावर उमटलेलं चित्र मेंदूकडे नेणारे सुमारे दहा-बारा लाख बारीक धागे एका ठिकाणी गोळा होतात आणि त्यांची एक जाड नस बनून ती कवटीत शिरते. धागे जिथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात तिथे आतून पाहिलं तर एक गोल चकती दिसते, अवघ्या दीड मिलिमीटरची. निरोगी चकती फिकट गुलाबी-पिवळसर असते, मध्ये छोटा खळगा आणि कडा रेखीव, पाटीवर खडूने काढलेल्या वर्तुळासारखी. तिच्यातून रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या बाहेर पसरलेल्या असतात.

या नसेची गंमत अशी की ती हातापायांच्या नसांसारखी नसते. ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. त्यामुळे मेंदूला जी आवरणं तीच तिला, आणि मेंदूभोवती जे पाणी तेच तिच्याभोवती. आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात मिळून सुमारे दीडशे मिलिलिटर स्वच्छ पाणी असतं. दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शिरांतून रक्तात परत जातं. शर्टाच्या बाहीत हात असतो तशी डोळ्याची नस या पाण्याने भरलेल्या बाहीत असते. बाहीचं एक टोक कवटीकडे उघडं आणि दुसरं टोक डोळ्याच्या गोळ्यापाशी शिवून बंद केलेलं.

कवटी ही हाडाची बंद पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच मावतं. गाठ वाढली, रक्त साठलं, पाण्याची वाट अडली किंवा पाणी परत शोषून घेणाऱ्या शिरांत गुठळी झाली, तर दाब वाढायला लागतो, कारण हाड काही फुगत नाही. तो दाब त्या बाहीतून थेट डोळ्याच्या मागे येऊन पोचतो आणि नसेला आवळतो. धाग्यांच्या आतून सतत बारीक मालवाहतूक चालू असते. डोळ्यातल्या पेशी तयार करतात ती द्रव्यं धाग्यातून मेंदूकडे सरकत असतात. चांदणी चौकात रस्ता अरुंद झाला की गाड्या अलीकडे तुंबत जातात, तसा हा माल आवळलेल्या जागेच्या अलीकडे, म्हणजे डोळ्याच्या बाजूला तुंबतो. धागे फुगतात आणि चकती सुजते. या सुजेला पॅपिलिडीमा म्हणतात.

त्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत चकतीची कड पुसट झालेली होती, ओल्या फडक्याने खडूची रेघ अर्धवट पुसावी तशी. चकती पुढे उचलली गेली होती. शिरा जाड आणि नागमोडी दिसत होत्या. कडेजवळ त्या सुजेत बुडून दिसेनाशा व्हायच्या आणि पुढे पुन्हा वर यायच्या. डाव्या डोळ्यात काठावर रक्ताच्या दोन बारीक रेघाही होत्या.

तिची अंधारी याच सुजेतून येत होती. सुजलेल्या चकतीतल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसंबसं वाट काढत असतं. माणूस वाकला की डोक्यातला दाब आणखी चढतो, उठला की डोळ्याकडे येणाऱ्या रक्ताचा जोर क्षणभर कमी होतो. दोन्ही वेळी तो काठावरचा हिशेब चुकतो, काही सेकंद रक्त पोचत नाही आणि दिवा जातो. शरीर सावरून घेतं आणि दिवा परत येतो. बहुतेक तज्ज्ञ या अंधारीचं कारण असंच मानतात. भातलावणीत माणूस दिवसभर वाकतो आणि सरळ होतो. कारखान्यात स्टुलावर बसून काम करताना तिला जे फारसं जाणवलं नव्हतं ते खाचरात दहा-पंधरा वेळा जाणवलं.

आता तुम्ही विचाराल, चकती एवढी सुजली होती तर तिला तक्ता पूर्ण कसा वाचता आला? ही या आजाराची सर्वांत फसवी गोष्ट आहे. तक्ता वाचताना आपण नजरेचा फक्त मधला भाग वापरतो. दाबामुळे होणारं नुकसान कडेपासून, बऱ्याचदा नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू होतं आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकून राहते. पुढे अंधारीच्या सेकंदांतून काही परत येत नाही, चकती हळूहळू पांढरी पडते, म्हणजे धागे मरतात. मेलेला धागा पुन्हा उगवत नाही. तक्त्यावर नजर घसरलेली दिसते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून नंबर तपासणं आणि डोळा तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जूनमध्ये मी पहिली केली आणि दुसरी केली असं समजून तिला पाठवलं.

आतल्या पडद्यापर्यंत जिवंत माणसात पाहता येणं ही फार जुनी गोष्ट नाही. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये ऑफ्थल्मोस्कोप बनवला. त्यानंतर दहा वर्षांत, 1860 मध्ये, बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत ही सुजलेली चकती दाखवून दिली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा पस्तीस वर्षं दूर होता. कवटी न उघडता तिच्यातल्या दाबाची खूण पाहण्याचा हा पहिला मार्ग होता आणि आजही तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. एक हातातलं उपकरण, दोन थेंब आणि अर्धा तास.

तिला मी त्याच दिवशी पुण्याला जायला सांगितलं. 'उद्या सकाळी गेलो तर?' असं आईने विचारलं, तेव्हा 'आज' एवढंच म्हटलं. दोन्ही चकत्या सुजलेल्या दिसल्या की कवटीत गाठ किंवा गुठळी नाही ना हे कळेपर्यंत ती तातडीची बाब मानायची असते. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. त्याबरोबर मेंदूच्या शिरांचंही चित्र काढलं. हे दुसरं चित्र महत्त्वाचं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांत गुठळी झाली तर साध्या स्कॅनवर ती निसटू शकते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना हा धोका वाढतो आणि त्याचे उपचार अगदी वेगळे, रक्त पातळ करण्याचे असतात. तिच्या चित्रांत गाठ नव्हती आणि गुठळीही नव्हती.

इथे घरचे लोक नेहमी सुटकेचा निःश्वास टाकतात. "एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे काही नाही ना?" तिच्या वडिलांनीही हेच विचारलं. पण चित्र आकार दाखवतं, दाबाचा आकडा सांगत नाही. दाब मोजायचा तर पाठीच्या कण्यात सुई घालून पाहावं लागतं. हाइन्रिख क्विन्के यांनी 1891 मध्ये ही पद्धत आणली. स्कॅन आधी आणि सुई नंतर, हा क्रम मोडायचा नसतो, कारण आत मोठी गाठ असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जिवावर बेतू शकतं. तिला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या खाली सुई घातली आणि तिला उभी नळी जोडली. मोठ्या माणसात पाणी साधारण वीस सेंटिमीटरच्या आत चढून थांबतं, पंचविसाच्या वर गेलं तर दाब वाढलेला मानतात. तिचं पाणी चौतीसवर थांबलं. पाणी स्वच्छ होतं, तपासणीत जंतू नव्हते, दुसरं काही नव्हतं.

गाठ नाही, गुठळी नाही, जंतुसंसर्ग नाही, तरी दाब वाढलेला, अशा आजाराला इडियोपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन असं लांबलचक नाव आहे. इडियोपॅथिक म्हणजे कारण न सापडलेला. तो मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळतो आणि थोड्या काळात वजन वाढलेल्यांमध्ये जास्त. हिचं वजन दीड वर्षात अकरा किलोने वाढून शहात्तर झालं होतं. पूर्वी शेतात असायची, आता पाळीत बसून काम. वजन आणि हा दाब यांचा संबंध पक्का आहे, पण नेमकी साखळी अजून उलगडलेली नाही. काही औषधांनीही असाच दाब वाढतो, म्हणून तिला ते सगळं विचारलं. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस, एकाएकी बंद केलेले स्टिरॉइड. तिने यांतलं काही घेतलेलं नव्हतं. हेच चित्र सडपातळ माणसात, पुरुषात किंवा लहान मुलात दिसलं तर मात्र दुसरं कारण आणखी चिकाटीने शोधावं लागतं.

उपचार दोन होते. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी पाणी तयार होण्याचा वेग कमी करते. ती दोन वेळा मिळून दिवसाला एक ग्रॅम सुरू केली. बोटांना मुंग्या येतील आणि सोड्याची चव विचित्र लागेल हे तिला आधीच सांगितलं, नाहीतर लोक घाबरून गोळी सोडतात. दुसरा उपचार वजन उतरवण्याचा. गोळी आणि आहार एकत्र घेतल्याने अशा रुग्णांची नजर जास्त सुधारते, हे अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीतून 2014 मध्ये दिसून आलं. नजर झपाट्याने घसरायला लागली तर गोळीवर थांबत नाहीत. नसेच्या आवरणाला छोटी खिडकी पाडतात किंवा नळी बसवून पाणी पोटाकडे वळवतात. तिच्यावर ती वेळ आली नाही.

तीन आठवड्यांत अंधारी थांबली. कानातला आवाज दिवाळीपर्यंत गेला. आठ महिन्यांत तिने आठ किलो उतरवले आणि चकतीच्या कडा पुन्हा रेखीव झाल्या. या काळात मी तिला दर महिन्याला बोलवून दोन गोष्टी पाहत होतो, चकती आणि नजरेचं क्षेत्र. क्षेत्र तपासायचं यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा. त्यात डोकं टेकवून मधल्या खुणेकडे पाहायचं आणि कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. औषध लागू पडतं आहे की नाही हे तक्त्यावर नाही, या यंत्रावर कळतं.

या तपासणीलाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. सूज यायला काही तास ते काही दिवस लागतात. अपघातात डोक्याला मार बसून दाब एकाएकी वाढला तर डोळ्यात तो लगेच दिसणार नाही. म्हणून 'चकती चांगली आहे' याचा अर्थ 'मेंदू चांगला आहे' असा घ्यायचा नसतो. आधीच मेलेली, पांढरी पडलेली चकती सुजू शकत नाही, त्यामुळे अशा डोळ्यात आजार उलटला तरी खूण मिळत नाही. उलट काही माणसांची चकती जन्मतःच दाटीवाटीची किंवा चुन्याचे कण साठलेली असते आणि सुजल्यासारखी दिसते. अशा वेळी सोनोग्राफी, पडद्याचे ओसीटी स्कॅन आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहणं यातून फरक कळतो. खरी सूज बदलत राहते, जन्मजात ठेवण तशीच राहते.

चूक फक्त खेड्यातल्या रांगेत होते असंही नाही. इंग्लंडमध्ये इप्सविच इथे 2012 च्या फेब्रुवारीत आठ वर्षांच्या एका मुलाची चष्म्याच्या दुकानात नेहमीची तपासणी झाली. त्याच्या मेंदूत पाणी साठत होतं आणि पडद्याच्या फोटोत चकत्या सुजलेल्या होत्या, पण ते तपासणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं नाही. पाच महिन्यांनी तो मुलगा गेला. 2016 मध्ये न्यायालयाने त्या बाईंना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं आणि 2017 मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कायद्याचा तो कीस बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. खूण डोळ्यात होती, फोटोतही होती, पण पाहणाऱ्याची नजर तिच्यावर थांबली नाही.

म्हणून श्रोत्यांना मी एवढंच सांगेन. डोकेदुखीसाठी डोळे दाखवायला गेलात तर चष्म्याचा कागद घेऊन लगेच उठू नका. 'डॉक्टर, पडदा आणि नस पाहिलीत का?' असं विचारा. थेंब घातल्यावर चार-सहा तास वाचता येत नाही आणि ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून सोबत कोणीतरी घेऊन जा आणि गाडी चालवत परतू नका. वाकताना किंवा उठताना काही सेकंद नजर जाऊन परत येते, सकाळी डोकं जास्त दुखतं, कानात ठोका ऐकू येतो, किंवा दूरची वस्तू दोन दिसायला लागली, तर रक्ताच्या गोळ्यांवर महिना घालवू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्याबरोबर उलट्या, गुंगी किंवा नजर कमी झालेली असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

आमच्या शिबिरातही तेव्हापासून एक बदल झाला. डोकेदुखी सांगणाऱ्या माणसाच्या कागदावर सहायक लाल खूण करतो, थेंब घालतो आणि त्याला वेगळ्या बाकावर बसवतो. रांग लांबते. लोक कुरकुरतात. मी मान डोलावतो आणि पडदे पाहत राहतो.

ती मुलगी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. वर्षातून एकदा तपासणीला येते. तक्ता पूर्ण वाचते, चकत्या रेखीव आहेत, लावणीही करते. डाव्या डोळ्याच्या क्षेत्रात मात्र नाकाकडच्या खालच्या बाजूला एक छोटा काळा तुकडा आहे. तो भरून आला नाही आणि येणारही नाही. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा तेवढी जागा भरून काढतो, त्यामुळे तिला तो कधी जाणवत नाही. मला जाणवतो. तो तुकडा जूनमध्ये सुरू झाला की जुलैमध्ये, हे कोणालाच सांगता येणार नाही. जूनमध्ये मी पाहिलंच नव्हतं.